आयसीयूबाहेरच्या भिंतीवर काय लिहावं: सुविचार, अभंग, पसायदान की साधं वाक्य?

आमच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. तिथल्या आयसीयूबाहेर नातेवाईक बसतात, त्या खोलीसाठी मजकूर निवडायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्याकडेही असं काम आलं असेल, तर चार पर्यायांबद्दल मला काय वाटलं ते सांगतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो ‘हेही दिवस जातील’. माझ्या मनातून तो कायमचा उतरला, त्याचं कारण घरचं आहे. वडील दुसऱ्या एका शहरात अकरा दिवस आयसीयूत होते. बाकाच्या बरोबर समोर ही पाटी होती. तिथे बसलं की डोळे दुसरीकडे जातच नाहीत, त्यामुळे दिवसातून शेकडो वेळा ती वाचली जायची. सहाव्या रात्री शेजारच्या कुटुंबाला डॉक्टरांनी आत बोलावलं. ते बाहेर आले आणि त्याच पाटीखाली रडत बसले. ‘जातील’ हा शब्द त्यांच्या डोक्यावर तसाच होता. त्यानंतर मला ती पाटी वाचवेना, पण टाळताही येईना.

तेव्हापासून मी आधी क्रियापद बघतो. ‘जातील’, ‘होईल’, ‘मिळेल’ असा भविष्यकाळ आला की लिहिणाऱ्याने न मागता शब्द दिलेला असतो. ‘रात्रीनंतर पहाट होतेच’ यातला शेवटचा ‘च’ही तेच करतो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ तर या भिंतीवर नकोच. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी त्यातून काय समजायचं?

तुकोबांचं ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’ यात कसलंच आश्वासन नाही, आणि माझ्या आईला त्या दिवसांत याच ओळीने धरून ठेवलं. वयस्कर माणसाच्या आजारपणात ती आधार देते असं मला वाटतं. पण ‘राहावे’ हे सांगणं आहे. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर तीच ओळ ‘आहे ते स्वीकारा’ अशी ऐकू येते, आणि आई-बापांना ते कुणी भिंतीवरून सांगू नये.

पसायदानातली ‘जो जे वांछील तो ते लाहो’ ही ओळ आमच्या समितीत बहुतेकांना हवी होती. ‘लाहो’ म्हणजे लाभो. ही प्रार्थना आहे, हमी नाही. शाळेत रोज म्हटलेली असल्यामुळे ती ओळखीचीही वाटते. माझी शंका एवढीच होती की तिथे बसलेल्या प्रत्येकाची वांछा एकच असते, आणि ताणात वाचताना ‘लाहो’ आणि ‘लाभेल’ यांतलं अंतर पुसलं जातं. पसायदानच हवं असेल तर पूर्ण लावा. सगळ्या प्राणिमात्रांसाठीचं मागणं म्हणून ते वाचलं जातं.

चौथा पर्याय साध्या वाक्याचा. माझा कल इकडे आहे. आमचा पहिला मसुदा होता, ‘काळजी करू नका.’ तो लगेच खोडला, कारण काळजी न करणं कुणाच्या हातात नसतं. दुसरा होता, ‘आत कोणीतरी सतत त्यांच्याजवळ आहे.’ वाचायला फार बरं वाटायचं. पण रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे किती बेड असतात ते मेट्रनबाईंनी सांगितलं आणि तेही गेलं. शेवटी हे राहिलं:

‘चार घास खाऊन या. गरज पडली तर आम्ही फोन करू.’

यातही ‘करू’ हा भविष्यकाळच आहे, पण हा शब्द पाळणं आमच्या हातात आहे. नाव पुकारलं जाईल आणि आपण नसू, या भीतीने माणसं सकाळपासून उपाशी बसतात. मीही बसलो होतो. आता दाराशी एक वही असते. बेड नंबर, सध्या कोण थांबलंय आणि त्याचा मोबाइल नंबर, एवढंच त्यात लिहायचं. पहिल्या आठवड्यात एक चूक झाली. सकाळी मुलगा थांबला होता, संध्याकाळी जावई आला, वहीत मात्र मुलाचाच नंबर राहिला. आता दर पाळीच्या सुरुवातीला वॉचमनकाका प्रत्येकाला नंबर विचारतात. बाकांवर दुपारी जागा रिकाम्या दिसू लागल्या, यावरून पाटी वाचली जाते असं मी धरतो. देवाचं नाव नसल्याने ती कुणालाच परकी वाटत नाही. शेजारी तेच हिंदीतही लिहिलं आहे.

अक्षरं पेंटरकडून मॅट रंगात काढून घेतली. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर ट्यूबलाइट पडली की अर्धी ओळ दिसत नाही.

वहीचं काम रोज, रात्रीसुद्धा, नीट होईल याची खात्री नसेल तर मात्र आमचं वाक्य लावू नका. मग तुकोबांची ओळ बरी, फक्त मुलांच्या वॉर्डापासून लांब.