अरबी की हिब्रू: धातू कुठे लवकर हाती लागतो?

मामलेदार, अंमल आणि इस्तेमाल हे एकाच घरातले शब्द आहेत, हे मला अरबी शिकायला लागल्यावर कळलं. ऐन-मीम-लाम ही तीन व्यंजनं म्हणजे त्यांचा धातू, अर्थ काम करणे. ती वेगवेगळ्या साच्यांत ओतली की कधी काम, कधी व्यवहार, कधी वापर असे शब्द तयार होतात. हिब्रूतही हीच पद्धत आहे. म्हणून दोन्हींपैकी काय घ्यावं असं कोणी विचारलं, तर मी आधी हेच बघायला सांगतो की धातू ओळखू किती लवकर येतो.

अरबीत तो लवकर येतो. क-त-ब म्हणजे लिहिणे. कातिब हा लिहिणारा आणि मक्तूब म्हणजे लिहिलेलं. आता ‘कत्तल’ शब्दाचा धातू घ्या: कातिल आणि मक्तूल. मारणारा कोण आणि मेलेला कोण, हे शब्दकोश न उघडता कळतं. व्यंजनं बहुधा जागची हलत नाहीत, आणि नेहमीच्या वापरातले बरेच कोशही धातूनुसार लावलेले असतात.

हिब्रूत हाच क-त-ब धातू कानाला चकवतो. कतव म्हणजे लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, हिख्तीव म्हणजे लिहून घ्यायला सांगितलं. ‘क’चा ‘ख’ झाला, ‘ब’चा ‘व’. शिवाय आजच्या उच्चारात क, त आणि व यांच्यासाठी प्रत्येकी दोन अक्षरं आहेत, त्यामुळे ‘कतव’ नुसतं ऐकलं तर कागदावर ८ शक्यता उरतात. न-फ-ल, म्हणजे पडणे, याची गंमत तर वेगळीच. ‘पाडलं’ या अर्थाच्या हिप्पीलमध्ये ‘न’ गायबच होतो, आणि स्वरचिन्हांशिवाय तो शब्द हापील, म्हणजे ‘तो हत्ती’, असाही वाचता येतो. वाक्यात कोण पडलंय हे पाहिल्याशिवाय सुटका नाही.

पण अरबीची खोड अनेकवचनात आहे. किताबचं कुतुब, मक्तबचं मकातिब, कातिबचं कुत्ताब. प्रत्येक वेळी आतले स्वरच फिरतात आणि कुठला साचा लागेल ते पाठच करावं लागतं. हिब्रूत बहुतेक वेळा शेवटी ‘ईम’ किंवा ‘ओत’ लावलं की भागतं. क्रियापदाचे मुख्य साचेही तिथे ७, अरबीत नेहमीचे १०.

माझं मत सांगतो: वाचायला शिकायचं असेल आणि मराठीत फारसीमार्गे आलेल्या अरबी शब्दांची गोडी असेल, तर अरबी घ्या. कारण अर्धे धातू तुम्हाला कचेरीच्या भाषेतून आधीच माहीत असतात. इस्रायलमधल्या बेने इस्रायली नातलगांशी त्यांच्या नातवंडांच्या भाषेत बोलायचं असेल, तर हिब्रू. तिथे जे लिहितात त्याच्या जवळचंच बोलतात. अरबीत लेखी भाषा शिकूनही कैरोच्या बाजारात बोली वेगळी शिकावी लागते.

दोन्ही एकदम घेणाऱ्यांनी ल-ह-म जपून वापरावा. हिब्रूत लेखेम म्हणजे भाकरी, अरबीत लह्म म्हणजे मांस.