रिपोर्टचं जर्मन भाषांतर: शिक्का खोटा, आकडा चुकीचा

मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. बायोप्सी सांगलीला झाली आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलचं सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरलं. इथपर्यंत सगळं बरं होतं. पुढे पुण्यातला एक एजंट आमच्या गळ्यात पडला. "सर, तिकडे इंग्रजी रिपोर्ट बघतसुद्धा नाहीत. कोर्टमान्य जर्मन भाषांतर लागतं," असं सांगून त्याने पानामागे 2,200 रुपये लावले, वर 'अर्जंट'चे वेगळे. जो माणूस आजारपणाने घायकुतीला आलाय तो अशा वेळी घासाघीस करत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

भाषांतर दिसायला झकास होतं. जाड कागद, लाल शिक्का, शेवटी नोटरीची सही. आम्ही ते पाठवून दिलं आणि हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंचा तातडीचा मेल आला: पेशंट सध्या ॲडमिट आहेत का, रक्तस्राव होतोय का? मावशी तेव्हा स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

घोळ प्लेटलेट्सचा होता. मूळ रिपोर्टमध्ये '1.85 lakh/cumm' असं होतं, म्हणजे एक लाख पंच्याऐंशी हजार, अगदी नॉर्मल. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब वापरतात, म्हणून तो आकडा '185.000' असा यायला हवा होता. भाषांतरात 'lakh' गळालं आणि '1,85' तेवढं उरलं. जर्मन डॉक्टरच्या नजरेत घन मिलिमीटरला दोनसुद्धा प्लेटलेट्स नाहीत! असं माणूस चालतं-बोलतं राहूच शकत नाही, म्हणूनच त्यांनी विचारलं.

मग शेजारच्या जोशी काकूंना कागद दाखवले. त्यांनी मॅक्सम्युलर भवनात वर्षानुवर्षं जर्मन शिकवलंय. मूळ रिपोर्ट शेजारी ठेवून त्या ओळीमागून ओळ वाचत गेल्या आणि HER2 पाशी थांबल्या. HER2 हे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, त्याची तपासणी 0 ते 3+ अशी मोजतात. 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. मावशीचं 2+ होतं, म्हणजे निर्णय अधांतरी, आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं की FISH ही जनुकाची तपासणी करून खात्री करा. भाषांतरात सरळ 'पॉझिटिव्ह' ठोकलं होतं आणि FISH ची ओळ गायब.

प्लेटलेट्सची चूक ओरडून सांगत होती, ही मात्र कुणालाच दिसली नसती. HER2 पॉझिटिव्ह म्हटलं की केमोबरोबर साधारण वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे औषध देतात. ते महाग आहेच, शिवाय हृदयाची ताकद कमी करू शकतं, म्हणून मधूनमधून टू-डी इको करावा लागतो. गरज नसताना हे सगळं मावशीच्या माथी आलं असतं, तेही 'जर्मनीच्या डॉक्टरांनी सांगितलं' म्हणून.

शिक्क्याचीही गंमत ऐका. जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकार तिथल्या राज्यांच्या न्यायव्यवस्थेकडून नेमलेले असतात आणि त्यांची नावं justiz-dolmetscher.de वर कुणालाही शोधता येतात. त्यांच्या शिक्क्यात नाव आणि भाषा असते, खाली भाषांतर अचूक असल्याचा दाखला आणि सही. आमच्या शिक्क्यात कुणा माणसाचं नावच नव्हतं, नुसतं 'Certified'. आणि ती नोटरी? तिने फक्त एजंटच्या प्रतिज्ञापत्रावरच्या सहीला साक्ष दिली होती. नोटरीला जर्मन येत असण्याची गरजच नसते.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. समन्वयक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "इंग्रजी रिपोर्ट आम्हाला चालतात, मूळच पाठवा." सगळीच हॉस्पिटलं असं म्हणतील असं नाही, पण विचारायला एक मेल पुरतो. आणि बायोप्सीबाबत त्यांना रिपोर्टपेक्षा काचेच्या स्लाइड्स आणि गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक हवा होता, कारण त्यांचा पॅथॉलॉजिस्ट स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहून मत देतो. सीटी स्कॅनचंही तेच: छापलेली फिल्म नको, स्कॅनच्या मूळ डिजिटल म्हणजे डायकॉम फाइल्सची सीडी पाठवा. एजंटने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. ब्लॉकचे पानामागे पैसे लावता येत नाहीत ना!

ब्लॉक सांगलीच्या लॅबमध्येच जपून ठेवलेला होता, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर मिळाला. FISH आधी इथेच करून घेतली. निगेटिव्ह आली.

एजंटला फोन केला तर म्हणे, "टायपिंग मिस्टेक आहे सर, फ्रीमध्ये करेक्शन करून देतो." पैसे मागितल्यावर फोन बंद. पावती, व्हॉट्सॲपवरचं 'कोर्टमान्य' हे आश्वासन आणि दोन्ही रिपोर्टची ती पानं जोडून आता ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली आहे. तिकडून नंबर मिळालाय, पैसे अजून नाहीत.