दोन खरीप लीफ कलर चार्ट वापरून: भाताच्या पानाचा रंग नेमकं काय सांगतो

मागच्या वर्षी लावणीच्या आधी हा चार्ट घेतला. हातभर लांबही नाही अशी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर पिवळट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत सहा पट्टे आणि पट्ट्यांवर भाताच्या पानासारख्या उभ्या रेघा. माझी जमीन रायगडात, जांभ्याची, पावसाची. एका ठिकाणी तीस गुंठ्यांची खाचरं आहेत आणि त्यांत मी जया लावतो. आतापर्यंत युरियाचे हप्ते तारखेवर पडायचे: लावणीला एक, फुटवे येताना एक, पोटरीच्या आधी एक. सगळे मिळून साधारण दीड गोणी जायची.

मापायची रीत सोपी आहे, पण ती ढिली करून चालत नाही. लावणीनंतर चौदाव्या दिवसापासून भात निसवेपर्यंत दर दहा दिवसांनी खाचरात उतरायचं. वाकडंतिकडं फिरून दहा निरोगी चूड घ्यायचे. प्रत्येकाचं वरचं, पूर्ण उघडलेलं पान न तोडता चार्टवर ठेवायचं आणि पानाचा मधला भाग पट्ट्याशी जुळवायचा. रंग दोन पट्ट्यांच्या मधला वाटला तर साडेतीन, साडेचार असं लिहायचं. लावणीच्या बुटक्या जातींना चारची रेघ धरतात, बासमतीसारख्या सुवासिक जातींना आणि पेरभाताला बहुधा तीनची. दहापैकी सहा किंवा जास्त पानं रेघेखाली आली तरच युरिया.

यात आमची पहिली चूक उन्हाची झाली. मी सकाळी आठला मापलं, बायकोने दुपारी उघडीप पडल्यावर, आणि दोघांचे आकडे जवळजवळ एका पट्ट्याने वेगळे आले. उन्हात पान चमकतं आणि फिकं दिसतं, म्हणून उन्हाकडे पाठ करून अंगाच्या सावलीत बघायचं असतं. ओलं पानही तसंच फसवतं. आधी ते सदऱ्याला पुसून घ्यायचं. शेवटी ठरलं की मापणार एकच माणूस, आठ ते दहाच्या दरम्यान. ते काम बायकोकडे गेलं, कारण माझ्या आकड्यांत युरिया टाकायची हौस मिसळते असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही.

लावणी झाली १० जुलैला. लावणीला युरिया दिला नव्हता, फक्त डीएपी. २४ जुलैला दहा पानं अशी निघाली: ३, ३, ३.५, ४, ३, ३.५, ४, ३, ३.५, ४. सात पानं चारच्या खाली. पावसाळी भाताला एका वेळी हेक्टरी साधारण २५ किलो नत्र द्यायचं असतं. तीस गुंठे म्हणजे ०.३ हेक्टर, म्हणजे साडेसात किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा सोळा किलो युरिया. लक्षात ठेवायला गुंठ्याला अर्ध्या किलोहून थोडा जास्त. उघडीप बघून, खाचरातलं पाणी उतरवून, बांधाची खांडं बुजवून तो टाकला. हा भाग चार्ट सांगत नाही. खत टाकल्यावर रात्री पाऊस कोसळला आणि बांधावरून पाणी गेलं, तर पुढच्या वेळी पान पुन्हा फिकंच दिसणार आणि तुम्ही पुन्हा टाकणार.

३ ऑगस्टला बहुतेक पानं चार. १३ ऑगस्टला सहा पानं रेघेखाली, म्हणून दुसरे सोळा किलो. २३ ऑगस्टला फक्त दोन पानं खाली होती. त्याच आठवड्यात आजूबाजूला सगळ्यांचा तिसरा हप्ता पडला आणि आमचा हात आखडला. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "पट्टी दाखवून भात पोसतंय होय?" दहा दिवस कळ काढली. २ सप्टेंबरला सात पानं खाली आल्यावर तिसरा हप्ता दिला. हंगामात अठ्ठेचाळीस किलो युरिया गेला, म्हणजे एका गोणीला तीन किलो वर. उतारा नेहमीएवढाच आला, जास्त नाही. फरक म्हणाल तर ढगाळ हवेत भात काळंभोर झालं नाही आणि लोळलं नाही.

यंदा मात्र खालच्या चार गुंठ्यांच्या खाचराने धडा दिला. दहापैकी नऊ पानं तीनच्या आसपास. नियमाप्रमाणे युरिया दिला, दहा दिवसांनी पानं तशीच. पुन्हा दिला, तरी तशीच. तेव्हा कुठे चार्ट बाजूला ठेवून एक अख्खा चूड नीट पाहिला: वरची कोवळी पानं पिवळी, खालची जुनी पानं त्यांच्याहून हिरवी. नत्र कमी पडलं की उलटं व्हायला हवं. रोप जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. गंधक असं सहज हलत नाही, त्यामुळे त्याची तूट वरच्या पानात आधी दिसते. आणि चार्टवर आपण वरचंच पान ठेवतो.

हे समजायला पानाचा हिरवेपणा कशाचा ते पाहावं लागतं. चार्ट नत्र मोजत नाही, हरितद्रव्य मोजतो, तेही डोळ्यांनी. हरितद्रव्याच्या कणात मॅग्नेशियमभोवती नत्राचे चार अणू असतात, पण पानातल्या एकूण नत्राचा तो लहानसा वाटा. बहुतेक नत्र प्रथिनांत असतं, त्यातही सगळ्यात जास्त रुबिस्को नावाच्या, हवेतला कार्बन पकडणाऱ्या प्रथिनात. नत्र तुटलं की रोप या दोन्हींत एकदमच काटछाट करतं, म्हणून रंगावरून नत्राचा अंदाज बसतो. चारचा पट्टा म्हणजे पानाच्या एका चौरस मीटरमागे ढोबळमानाने १.४ ग्रॅम नत्र. पण गंधक किंवा लोह कमी पडलं तरीही हरितद्रव्य घटतं आणि चार्टला कारण कळत नाही. उलटही होतं: स्फुरद कमी असलेलं खुरटं भात गडद हिरवं दिसतं आणि चार्टवर मजेत पास होतं.

आमच्याकडे गंधक का कमी पडलं असावं, तेही मागाहून लक्षात आलं. आधी आम्ही सिंगल सुपर फॉस्फेट घालायचो, त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असतं. चार वर्षांपूर्वी डीएपी सुरू केलं, त्यात ते नाही आणि युरियातही नाही. ते खाचर सखल, पाणी सदा तुंबलेलं. अशा मातीत असलेलं गंधकही मुळांना मिळेनासं होतं. खात्री करायला अमोनियम सल्फेट टाकून उपयोग नव्हता, कारण त्यात नत्रही असतं आणि पान कशाने हिरवं झालं ते कळलं नसतं. म्हणून पाणी उतरवून एका कडेच्या दोन हात रुंद पट्टीत जिप्सम टाकलं. आठ-दहा दिवसांत तिथली नवी पानं हिरवी निघाली. बाजूची, दोनदा युरिया खाल्लेली, पिवळीच.

तेव्हापासून चार्ट लावायच्या आधी चूड वाकवून खालचं पान बघायचा नेम केला आहे. वरचं खालच्यापेक्षा फिकं असेल तर त्या दिवशी आकडे लिहायचेच नाहीत. पुढच्या चिखलणीला पुन्हा सुपर फॉस्फेट.

चार्ट दीडशेच्या आत मिळाला. तो बांधावर उन्हात पडू देऊ नका, रंग उडतात. आमचा जुन्या वहीत, ट्रंकेत असतो. शेजारच्या एकाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून मागितला होता. दिला नाही. त्याच्या फोनचा उजेड कमी-जास्त केला की तीनचा चार होतो, हे त्याच्यासमोरच दाखवलं, आणि चार्टच उसना दिला.