अवतरणचिन्हं, वजा आणि site: – काही महिने रोज वापरल्यानंतर

गूगलमधल्या या तीन खुणा मी गेले काही महिने रोजच्या शोधाला वापरतोय, आणि त्यातला बराचसा शोध मराठीत असतो. इंग्रजीतल्या सूचना मराठीला जशाच्या तशा लागू होत नाहीत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो. उदाहरण एकच घेतो: शेतजमिनीच्या खातेदाराच्या निधनानंतर करायची वारस नोंद.

नुसतं वारस नोंद असं टाकलं की व्हिडिओ, एजंटांची पानं आणि एकमेकांवरून उतरवलेले लेख येतात. अर्ज कुठे करायचा, मुदत किती, याची अधिकृत माहिती खाली गाडली जाते. इथे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शोध ठरावीक संकेतस्थळांपुरता ठेवणाऱ्या site: चा.

```
"वारस नोंद" site:gov.in
```

site: नंतर जागा सोडायची नाही, सोडली तर तो साधा शब्द ठरतो. site:maharashtra.gov.in हे सुचायला सोपं आहे, पण ते अपुरं पडतं. त्यात gr.maharashtra.gov.in सारखी त्याच्या पोटातली संकेतस्थळं येतात, पण जमिनीच्या नोंदींचं mahabhumi.gov.in, मुद्रांक विभागाचं igrmaharashtra.gov.in आणि pune.gov.in सारखी जिल्ह्यांची संकेतस्थळं वेगळ्या नावांची आहेत. ती सगळी सुटतात. म्हणून मी सुरुवात gov.in ने करतो. शोधशब्द मराठी असले की इतर राज्यांची पानं फारशी मध्ये येतच नाहीत. मग कुठल्या संकेतस्थळावर नेमकं काय आहे हे कळलं की जाळं आवळायचं.

अवतरणचिन्हांचं काम मराठीत नाजूक आहे. त्यांच्यात घातलेले शब्द त्याच रूपात, त्याच क्रमाने हवेत असं आपण सांगत असतो. आपल्या भाषेत मात्र शब्दाला प्रत्यय लागला की रूप बदलतं. "वारस नोंद" असं बांधून टाकलं की "वारसांची नोंद" किंवा "वारस नोंदीसाठी" असं लिहिलेलं पान हातचं जाऊ शकतं, मग त्यातली माहिती कितीही नेमकी असो. त्यामुळे निकाल फारच थोडे आले तर 'माहितीच नाही' असं समजू नका. आधी रूप बदलून पाहा. दोन-तीन रूपं OR ने जोडता येतात, फक्त OR मोठ्या अक्षरांत हवं:

```
"वारस नोंद" OR "वारसांची नोंद" OR "वारस नोंदीसाठी" site:gov.in
```

याहून चांगला उपाय म्हणजे सहसा न बदलणारा शब्दसमूह बांधणं. वारसांची नोंदवही म्हणजे गाव नमुना 6-क. "गाव नमुना" एवढंच अवतरणात ठेवून वारस हा शब्द मोकळा सोडला की शोध एकदम कामाचा होतो. आकडा मात्र बाहेरच ठेवावा, कारण कुठे ६-क असतो, कुठे 6-क, कुठे ६ क.

नको ती पानं गाळणाऱ्या वजा चिन्हाबद्दल माझं मत जरा कडक आहे: ते सगळ्यात शेवटी वापरावं. चिन्हाच्या आधी जागा हवी, नंतर नको. व्हिडिओ गाळायला -site:youtube.com निर्धोक आहे, कारण आपल्याला वाचायचंच आहे. धोका शब्द वजा करण्यात आहे. वारस नोंद शोधताना वारस दाखला देणाऱ्या कोर्टाच्या प्रक्रियेची पानं फार येतात. म्हणून -दाखला लिहावंसं वाटतं. पण वारस नोंदीच्या अर्जाला मृत्यू दाखला लागतो! म्हणजे कागदपत्रांची यादी नीट देणारी पानंच त्या वजाने उडतात, आणि उरतात ती अर्धवट. -"वारस दाखला" असं पूर्ण शब्दसमूह वजा करणं त्यापेक्षा बरं, तरी दोन्हींतला फरक समजावणारं पान त्यातही जातं. खात्री करायची असेल तर वजा काढून तोच शोध पुन्हा चालवा आणि वरचे काही निकाल ताडून पाहा. चांगलं पान नाहीसं झालेलं लगेच दिसतं.

या पद्धतीने मला मुदतीचा प्रश्न सोडवता आला. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. हे लेखांमध्ये उलटसुलट लिहिलेलं असतं. अधिकृत पानांपर्यंत पोहोचल्यावर गोंधळ संपला.

दोन ठिकाणी मात्र या खुणा हात टेकतात. जुन्या सरकारी पीडीएफ कधी स्कॅन केलेल्या असतात, तर कधी युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये. अशा फाइलीतला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरं आली, तर अवतरणातला मराठी शब्द तिथे सापडणारच नाही. अशा वेळी विषय आणि वर्ष धरून विभागाच्या संकेतस्थळावरच शोधावं लागतं. दुसरं म्हणजे, गट नंबर आणि कॅप्चा भरल्यावर दिसणारा सातबारा शोधयंत्राला दिसत नाही. तो bhulekh.mahabhumi.gov.in वर जाऊनच पाहायचा.