चॅनल बसवलं, ढाळ मात्र चोरला

बाथरूमची नवी फरशी फोडायला घेतली आणि दुसऱ्याच घावाला खालून गुलाबी फरशी दिसली. ही गुलाबी फरशी १९९८ सालची, बिल्डरने लावलेली. ती काढायचे, तिच्याखालचा कोबा फोडायचे आणि नवं वॉटरप्रूफिंग करून पुन्हा कोबा घालायचे असे मिळून ३४,००० रुपये मी सात महिन्यांपूर्वी मोजले होते. फोडणारा मिस्त्री हातोडी खाली ठेवून म्हणाला, "ताई, ह्यात काही काढलेलंच नाहीये. वरून चिकटवलंय."

मी डोंबिवलीत राहते. बाथरूम नेहमीचं, चार फूट बाय सात फूट. आखूड बाजूला दार, समोरच्या भिंतीला शॉवर, उजवीकडे कमोड. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी जायचा डबा, डाव्या भिंतीजवळ, दारापासून साधारण ९० सेंटीमीटरवर, म्हणजे खोलीच्या मध्याच्याही थोडा अलीकडे. शॉवरचं पाणी त्या भिंतीकडून उलट दाराच्या दिशेने वाहत येऊन जाळीत जायचं. दिसायला विचित्र, पण पंचवीस वर्षांत एकदाही तुंबलं नव्हतं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी गंमत इथेच आहे.

ठेकेदार ओळखीतूनच आलेला, बोलायला गोड. मला मोठ्या टाइल्स हव्या होत्या, दोन बाय चार फुटांच्या. तो म्हणाला, "मॅडम, मोठ्या टाइलला चौकोनी जाळी चालत नाही. चारी बाजूंनी ढाळ द्यायचा तर टाइल पाकिटासारखी तिरकी कापावी लागते, घाण दिसतं. तुम्ही शॉवरच्या भिंतीला चॅनल घ्या, लांब पट्टीसारखी जाळी. एकाच दिशेला ढाळ, टाइल अख्खी बसते." आणि हे शंभर टक्के खरं आहे! चौकोनी जाळीकडे चारही बाजूंनी पाणी यायचं तर फरशीला चार उतरते भाग लागतात. एक फुटाची टाइल सांध्यासांध्यातून ते वळण घेते, मोठी ताठ टाइल घेत नाही. चॅनलकडे मात्र अख्खी जमीन एकाच पाटासारखी कलते. मी दोन दुकानांत विचारलं, तिथेही हेच सांगितलं. त्यामुळे माझा विश्वास बसला. जे विचारलं नाही ते एवढंच, की जमिनीचा कल उलटा फिरवायचा तर खाली काय काय फोडावं लागेल.

आता आकडे बघा. बाथरूमच्या जमिनीला साधारण ८० ला १ एवढा ढाळ देतात, म्हणजे मीटरमागे १२-१३ मिलिमीटर. माझ्या दारापासून शॉवरच्या भिंतीपर्यंत २.१ मीटर. म्हणजे चॅनलची कड दाराजवळच्या फरशीपेक्षा जवळजवळ २६ मिलिमीटर खाली हवी. जुन्या फरशीत शॉवरची भिंत उंच होती आणि ट्रॅप खोल. भिंतीपासून ट्रॅपपर्यंत १.२ मीटर, म्हणजे १५ मिलिमीटरचा उतार, तोही नको त्या दिशेला. जुन्या फरशीवरच नवी टाइल लावली तर शॉवरजवळची जमीन खाली जाऊच शकत नाही. मग उरलेली जमीन वर उचलावी लागते. ट्रॅपच्या जागी आधी १५ मिलिमीटर फक्त सपाट करायला आणि त्यावर आणखी १५ उलटा ढाळ द्यायला. दाराशीही जवळजवळ तेवढीच. एवढी भर घातली तर बाथरूम पॅसेजपेक्षा उंच होईल आणि पाणी बेडरूममध्ये येईल. म्हणून चॅनल शॉवरच्या भिंतीला न्यायचं तर जुना कोबा फोडण्याला पर्यायच नव्हता. ठेकेदाराला हे माहीत होतं. त्याने ते बिलात लावलं आणि केलं नाही.

आम्ही दोघं नोकरीला, सासूबाई त्या आठवड्यात नणंदेकडे. संध्याकाळी घरी आलो की जिन्यात राबिटच्या गोण्या रचलेल्या. एकवीस गोण्या मी स्वतः मोजल्या आणि खूश झाले. त्या सगळ्या भिंतींच्या टाइल्सच्या होत्या, हे डोक्यातच आलं नाही. दुपारी व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे: फोडलेला कोबा, स्लॅबवर करडा वॉटरप्रूफिंगचा थर, मग त्यात भरून ठेवलेलं पाणी. सात महिन्यांनी ते फोटो मोठे करून पाहिले. दाराचा उंबरठा तपकिरी ग्रॅनाइटचा. आमचा हिरव्या मार्बलचा आहे. दुसऱ्याच कुणाचं बाथरूम मी कौतुकाने नवऱ्याला दाखवत होते.

शेवटच्या दिवशी अंधार पडल्यावर त्याने काम दाखवलं. बादलीभर पाणी शॉवरखालून चॅनलच्या दिशेने जोरात फेकलं, ते गेलं. मग लगेच वायपरने सगळं ओढून घेतलं आणि म्हणाला, "ग्राउट ओलं आहे, आज जास्त पाणी नको." पाणी फेकल्यावर ते फेकलेल्या दिशेला जाणारच, त्याला ढाळ लागत नाही. पण त्या क्षणी चकचकीत टाइलकडे बघत होते. उरलेले ४०,००० दिले.

पहिली तक्रार सासूबाईंची. "इथे मधेच पाणी तुंबतंय गं, पाय घसरतो." मग सकाळी अंघोळीनंतर रोज कमोडसमोर एक तळं दिसायला लागलं, नेमकं जुन्या ट्रॅपच्या जागी. चॅनलच्या दोन्ही टोकांनाही पाणी राहायचं, कारण भिंत चार फूट आणि चॅनल दोनच फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट जागा उरते आणि तिथलं पाणी आत यायला आडवा ढाळ लागतो. एक तर चॅनल भिंतीएवढं लांब घ्यायचं, नाहीतर त्या दोन तुकड्यांत टाइल कापायची. त्याने दोन्ही केलं नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मोठी टाइल आहे, थोडं पाणी राहणारच. वायपर मारा." ओल राहणं वेगळं आणि तळं साचणं वेगळं. पाऊण तासानेही पाणी तिथेच असेल, तर ढाळ नाही.

पाचव्या महिन्यात चॅनलमधून पाणी उतरेना. सहाव्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. त्यांनी शांतपणे वर येऊन सांगितलं, त्याचीच जास्त लाज वाटली.

मग दुसरा मिस्त्री आणला. त्याने आधी काही फोडलं नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घेतली, भिंतींवर एकाच पातळीच्या पेन्सिलच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपासून खाली फरशीपर्यंत टेप लावला. दाराजवळ १००० मिलिमीटर. कमोडसमोर १००८. चॅनलच्या कडेला १००३. आकडा जितका मोठा तितकी जमीन खोल. म्हणजे चॅनलपेक्षा खोलीचा मध्य ५ मिलिमीटर खोल होता. चॅनलजवळ यायला हवे होते १०२६. दहा मिनिटांचं काम, दहा रुपयांची नळी. हे मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं.

उंबरठ्याजवळही पुरावा होता, तो मला आधीच दिसायला हवा होता. पूर्वी बाथरूम पॅसेजपेक्षा ३० मिलिमीटर खाली होतं. घर घेताना काढलेल्या फोटोत तो उंबरठा स्पष्ट दिसतो. आता उतार जेमतेम ११. मधले १९ कुठे गेले? नवी टाइल १० आणि चिकटवायचा थर ९. कोबा फोडून पुन्हा घातला असता तर पातळी जिथे होती तिथेच आणता आली असती.

फोडल्यावर खरी कारागिरी दिसली. चॅनलचा डबा बसवायला भिंतीलगत खाच मारली होती आणि तिथून जुन्या ट्रॅपपर्यंत चार इंचांची एक चर. पूर्ण कामात जमिनीत फोडलेलं एवढंच. चरीत जाड पीव्हीसी पाइप हवा होता. त्याजागी वॉश बेसिनखाली असतो तसला वळ्यावळ्यांचा फ्लेक्झिबल पाइप आडवा टाकलेला. वळ्यांत केस आणि साबण अडकून तो दगडासारखा झाला होता, आणि जोडातून गळणारं पाणी त्याच चरीतून काकूंच्या छतात मुरत होतं. चर मारताना जुनं वॉटरप्रूफिंगही कापलं गेलेलं. नहाणी ट्रॅप तर टाइलखाली पुरून टाकला होता. वर झाकण नाही, हात घालायला जागा नाही. ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं म्हणून वास येत नव्हता, त्यामुळे तो आत जिवंत आहे याची कल्पनाच आली नाही. पण साफ करता न येणारा ट्रॅप आज ना उद्या बंद पडतोच.

चॅनलच्या जाळीवर दोन महिन्यांत तांबूस डाग आले होते. बिलात ३०४ स्टील लिहिलं होतं. मी लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, म्हणून माल खरा समजले. भंगारवाल्याने हसून सांगितलं की २०२ या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्याच्याकडे तपासायचं द्रावण होतं, थेंब टाकून छोटी बॅटरी लावली तर लाल रंग आला. म्हणजे २०२. (आम्ही अॅसिडनेही धुवायचो, त्याने ३०४ सुद्धा खराब होतं. तेवढी चूक आमची.)

दुसऱ्यांदा काम करताना चॅनलचा नाद सोडला. जुनी गुलाबी फरशी आणि कोबा स्लॅबपर्यंत काढला, वॉटरप्रूफिंग केलं, ट्रॅपचं तोंड बुचाने बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवलं. फोटो मी स्वतः काढले, प्रत्येकात हिरवा उंबरठा. काकूंनी खालून रोज छत पाहिलं. ट्रॅप आहे तिथेच ठेवला, त्यावर सहा इंची चौकोनी जाळी आणि एक फुटाच्या खरखरीत टाइल्स. कडा सगळीकडे एका पातळीत, जाळी त्यांच्यापेक्षा १५ मिलिमीटर खाली. म्हणजे शॉवरच्या बाजूने बरोबर ८० ला १ आणि दाराच्या बाजूने जरा जास्तच. डावी भिंत जाळीच्या अगदी जवळ असल्याने तिथली कड थोडी खाली घ्यावी लागली, ते दिसतं, पण पाणी जातं. टाइल लावण्याआधी नुसत्या कोब्यावर चारही कोपऱ्यांत एकेक तांब्या हळूच ओतला आणि तो जाळीपर्यंत पोचलेला पाहिल्यावरच पुढचा हप्ता दिला. चॅनल वाईट नाही. कोबा फुटणारच असेल आणि पाइप नीट नेणार असतील तर खुशाल घ्या. मला ते जिथे ट्रॅप नव्हता तिथे विकलं गेलं.

पहिल्या ठेकेदाराला दोन्हीकडची मोजमापं, गुलाबी फरशीचे फोटो आणि त्यानेच पाठवलेले तपकिरी उंबरठ्याचे फोटो जोडून वकिलाकडून नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी १५,००० परत आले, "माणुसकी म्हणून". दुसऱ्या कामाला ५८,००० लागले आणि काकूंच्या छताचा रंग वेगळा. रंगाऱ्याने सांगितलंय, ओल पूर्ण सुकेपर्यंत थांबा, दिवाळीनंतर बघू.