कारमधलं ब्लूटूथ कॉलिंग: आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत जुन्या हॅचबॅकमध्ये टचस्क्रीनचा स्टिरिओ बसवून घेतला. रोज वारजे ते हिंजवडी जातो, येताना कॉल हमखास येतात. गाणी पहिल्या दिवसापासून झकास. कॉलची मात्र रडच होती.

आधी नावांचं सांगतो. कॉल आला की स्क्रीनवर नुसता नंबर. दुकानदार म्हणाला, फोन जुना आहे. तसं नव्हतं. आवाज आणि फोनबुक या ब्लूटूथच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरी चालेलच असं नाही. जोडणी करताना 'कॉन्टॅक्ट्स द्यायचे का' असं फोन एकदाच विचारतो. मी घाईत ते नाकारलं असणार. ब्लूटूथच्या यादीत कारच्या नावापुढचं सेटिंग उघडून कॉन्टॅक्ट्सची परवानगी चालू केली (आयफोनवर तिथेच Sync Contacts असतं). तरी नावं येईनात. मग फोनमधून कार आणि कारमधून फोन, दोन्हीकडून जोडणी काढून नव्याने केली, तेव्हा आली. देवनागरीत सेव्ह केलेली नावं अजून चौकोन-चौकोन दिसतात. स्टिरिओत तो फाँटच नाही. म्हणून आई आता रोमन लिपीत आहे.

खरा छळ आवाजाचा. मला समोरचा स्पष्ट ऐकू यायचा, पण ताई दर वेळी म्हणायची, "विहिरीतून बोलतोयस का रे?" ऐकणाऱ्याला त्रास म्हणजे दोष माझ्या बाजूच्या माइकचा, एवढं कळलं. खात्रीसाठी गाडी पार्किंगमध्ये उभी करून तिला फोन लावला. कॉल चालू असताना आवाज कारवरून फोनवर घेतला, लगेच स्वच्छ. म्हणजे नेटवर्क ठीक. परत कारवर घेऊन एसीचा पंखा चारवर केला, तर तिला नुसती घरघर.

मग स्टिरिओच्या पॅनेलवरच्या MIC लिहिलेल्या भोकावर नखाने टकटक केली. तिला काहीच ऐकू गेलं नाही. डॅशबोर्डवर ठोकत ग्लोव्हबॉक्सपाशी आलो तेव्हा म्हणाली, "हां, आता आलं." ग्लोव्हबॉक्स काढला, तर वायरवाला वेगळा माइक वेटोळं करून मागे कोंबलेला, एसीच्या ब्लोअरला चिकटून! फिटिंगवाल्याने पाच मिनिटं वाचवली, मी चार महिने ओरडत बोललो.

दुसऱ्याकडून तो माइक ड्रायव्हरच्या सन व्हायझरजवळ लावून घेतला, तोंडापासून साधारण हातभर. वायर खांबाच्या कव्हरमधून नेली. तिथे एअरबॅग असेल तर वायर त्याच्या आड येता कामा नये, एवढं आधी विचारा. आता ऐंशीच्या वेगातही काच बंद असली की बोलणं कळतं. स्पीकर फार मोठा ठेवला तर समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी येतो, म्हणून आवाज मध्यमच ठेवतो.

मुसळधार पावसात मात्र छताजवळचा माइक टपावरचा सगळा ताशा पलीकडे पोचवतो. परवा चांदणी चौकात अडकलो होतो, तर आईने विचारलं, "मिरवणुकीत आहेस का?"