जळगावात उंचीचा तंबू: ऑगस्ट ते मार्च वापरून काय कळलं

रात्री डोंगरावर झोपल्यासारखी कमी ऑक्सिजनची हवा देणारा हा तंबू बघायला येणाऱ्या पळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा खर्च करण्यापेक्षा महिनाभर तोरणमाळला जाऊन राहिलं तर? नाही चालणार. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला निदान २००० मीटर लागतात. कळसूबाईचं शिखरही १६४६ मीटरच, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात तशी जागा नाही. उटी चालते, पण तिथे पळायचंही उंचावरच, आणि विरळ हवेत वेगाचे इंटरव्हल मंदावतात. म्हणून ‘उंच राहा, खाली पळा’ ही पद्धत निघाली. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास, त्यामुळे ‘खाली पळा’ हा भाग आपल्याकडे फुकट आहे. उरतं ते रात्री उंचावर झोपणं, आणि ते काम तंबू करतो.

तंबूत हवेचा दाब कमी होत नाही, फक्त ऑक्सिजन कमी होतो. यंत्र खोलीतल्या हवेतला काही ऑक्सिजन वेगळा काढून बाहेर सोडतं आणि उरलेली, नायट्रोजन जास्त असलेली हवा नळीने आत ढकलतं. साध्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. २५०० मीटरसाठी तो १५.४ टक्क्यांवर आणावा लागतो. कोणत्या उंचीला किती टक्के हे सांगणारे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. आपला दाब मुळातच थोडा कमी असल्याने जळगावात १५.४ लावले की शरीराला ते २७०० मीटरच्या जवळपास वाटतात. सुरुवातीला डोकं का दुखतं याचं अर्धं उत्तर यात आहे. पहिले तीन दिवस १८०० मीटर, मग हळूहळू वर, हे सोसतं. झोपेत बोटावरचा ऑक्सिमीटर ८८ ते ९२ दाखवत असला तर ठीक. बराच वेळ ८५ च्या खाली राहिला, तर आकडा तीनशे मीटरने उतरवा.

आता जी चूक जवळजवळ सगळे करतात ती. दुहेरी पलंगावरच्या तंबूत साधारण ४५०० लिटर हवा मावते आणि यंत्र मिनिटाला १०० लिटरच्या आसपास देतं. म्हणजे एकदा हवा बदलण्याइतकी भर पडायलाच ४५ मिनिटं, आणि आकडा जवळपास स्थिर व्हायला सव्वादोन तास. नऊला आत शिरून नऊलाच यंत्र लावलं, तर अकरापर्यंतचा वेळ अर्धवट उंचीवर जातो. यंत्र पावणेसातलाच सुरू करा, चेन लावून ठेवा, आत शिरताना शक्य तितकी कमी उघडा. रात्री लघवीला उठलात की पुन्हा तोच हिशोब, म्हणून पाणी संध्याकाळी लवकर प्या.

वीज गेली तर उलटं संकट. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मोठ्या तंबूत तासाभरात ते पाव टक्क्याच्या थोडं वर जातं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण फक्त डोक्यावर बसणाऱ्या पाचशे लिटरच्या छोट्या तंबूत तेच दोन टक्क्यांच्या वर चढतं: डोकं जड, घाम, दचकून जाग. आपल्याकडची भारनियमनाची सवय बघता छोटा तंबू घेऊच नये, आणि मोठ्यालाही वीज गेल्यावर वाजणारा अलार्म लावावा.

उकाडा ही खानदेशाची खास अडचण. अंगाची ऊब आणि घाम प्लॅस्टिकच्या आत अडकतो, त्यामुळे तंबू खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम राहतो. भरताच्या मोसमात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हे सुखाचं वाटतं. मार्चच्या अखेरीस मात्र एसीशिवाय झोप येत नाही, आणि झोप बिघडली की सरावातला तोटा तंबूच्या फायद्यापेक्षा मोठा. कूलर खोलीत ओलावा भरतो, तो यंत्राला नको: ऑक्सिजन वेगळा काढणारे आतले दाणे ओलाव्याने निकामी होत जातात. पावसाळ्यात ऑक्सिजनचा सेन्सरही फसवतो. ३५ अंशांच्या ओल्याचिंब हवेत खरा ऑक्सिजनच १९.८ टक्के असतो; तिथे सेन्सर २०.९ वर लावून घेतला की पुढचे सगळे आकडे पाऊण ते एक टक्का वर दिसतात आणि तुम्ही ठरवल्यापेक्षा जास्त उंचीवर झोपता. सेन्सर एसीच्या कोरड्या हवेत जुळवावा.

मग फायदा किती? ६० किलोचा धावपटू घेऊ. त्याच्या अंगात एकूण हिमोग्लोबिन साधारण ७२० ग्रॅम. रोज ९ तास, २८ रात्री, म्हणजे २५२ तास. उंचीवरच्या अभ्यासांची २०१३ साली जी गोळाबेरीज झाली, तिच्यानुसार १०० तासांना सुमारे १.१ टक्का वाढ होते. त्या हिशोबाने २.८ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. एका ग्रॅममागे मिनिटाला साधारण ४ मिलिलिटर जास्त ऑक्सिजन वापरता येतो, म्हणून ८० मिलिलिटर. त्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला ३९०० मिलिलिटर असेल तर ही दोन टक्क्यांची भर. पण कार्बन मोनॉक्साइड देऊन एकूण हिमोग्लोबिन मोजण्याच्या सर्वोत्तम पद्धतीतही दोन टक्क्यांच्या आसपास चूक होते. मिळालेला फायदा आणि मापाची चूक जवळपास सारखीच.

अभ्यासांतही तेच दिसतं. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी अमेरिकेत ३९ धावपटूंवर ही पद्धत तपासली. २५०० मीटरवर राहून १२५० वर पळणाऱ्यांची ५००० मीटरची वेळ सरासरी १३ सेकंदांनी सुधारली. उंचावर राहून उंचावरच पळणाऱ्यांचं रक्त वाढलं, पण वेळ सुधारली नाही. मात्र आपण कुठे राहतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. सीबेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तेच लपवलं: १६ सायकलपटू, रोज १६ तास, चार आठवडे, काहींना ३००० मीटरची हवा आणि काहींना साधी. हिमोग्लोबिन वाढलं नाही, कामगिरीही नाही. आपल्या तंबूच्या जवळपास दुप्पट तास देऊनही! म्हणून वरचे दोन टक्के हे कमाल समजावेत, हमी नव्हे.

‘महिन्यात हिमोग्लोबिन १४.२ वरून १५ झालं’ असे लॅबचे रिपोर्ट सगळे दाखवतात. त्यावर विश्वास ठेवू नका. रिपोर्ट प्रति डेसिलिटरचा असतो. तंबूत रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून आकडा चढतो. उन्हाळ्याची सवय होताना पाणी वाढतं, म्हणून एप्रिलात तोच आकडा उतरतो. दोन्ही वेळा तांबड्या पेशी तेवढ्याच असू शकतात.

तपासायचं असेल तर अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासा, तेही सुरुवातीच्या महिनाभर आधी. ते ३० च्या खाली असेल तर तंबूत झोपून काही होत नाही, कारण नवीन पेशी बनवायला लोहच नाही. कळण्याच्या भाकरीतलं लोह फारसं शोषलं जात नाही. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि चहासोबत तर मुळीच नको.

‘वाडा’ या जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत तंबू नाही. नॉर्वेने मात्र पूर्वी आपल्या खेळाडूंना तो वापरायला बंदी घातली होती.

ज्याची झोप सात तासांची, खोलीला एसी नाही आणि ५००० मीटर अजून सतरा मिनिटांच्या वर, त्याने हे घेऊ नये. ज्याची वेळ वर्षभर जागची हलत नाही, फेरिटिन चांगलं आहे आणि रात्री नऊ तास आत पडून राहायची तयारी आहे, त्याने नोव्हेंबरच्या मध्याला सुरू करून डिसेंबरच्या मध्याला संपवावं, आणि शर्यत बाहेर आल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत धरावी. त्यानंतर वाढलेल्या पेशी परत कमी होतात.